कानातला चुना आणि गळ्यातला पट्टा

बाई आल्या त्या मुलाचा दंड घट्ट धरून, आणि गळ्याला पट्टा बांधून. वय बासष्ट, शाळेतून निवृत्त. गावात सगळे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणालो. मुलाच्या हातात जाडजूड फाइल होती. त्यात रक्ताचे अहवाल, मानेचा एक्स-रे, मेंदूचा एमआरआय असे सगळे काही होते. "सगळं नॉर्मल आहे डॉक्टर, फक्त मानेत थोडी झीज आहे," तो म्हणाला. बासष्टाव्या वर्षी मानेत झीज दिसली नाही, तर मला एक्स-रे दुसऱ्या कुणाचा असल्याचा संशय येईल. पण चक्कर आणि एक्स-रेमधली झीज यांची आपल्याकडे एव्हाना जोडी जमलेली आहे. चक्कर म्हणजे मणका आणि मणका म्हणजे पट्टा.

मी फाइल बाजूला ठेवली आणि बाईंना विचारले, पहिल्यांदा नेमके काय झाले?

"पहाटे गजर झाला. तो बंद करायला उजव्या कुशीवर वळले आणि सगळी खोली गरगर फिरायला लागली. पलंग उलटा होतोय असंच वाटलं. गच्च डोळे मिटून पडून राहिले, थोड्या वेळानं थांबलं."

किती वेळाने? त्या म्हणाल्या, पाच मिनिटे तरी झाली असतील. गरगरणाऱ्या माणसाचे घड्याळ विश्वासाचे नसते, म्हणून मी त्यांना मनात आकडे मोजल्यासारखे करायला सांगितले. त्या वीस-पंचवीसवर थांबल्या. पुढे कळले की कपडे वाळत टाकताना मान वर केली तरी तसेच होते, माळ्यावरचा डबा काढतानाही होते. डाव्या कुशीवर मात्र काही त्रास नाही. ऐकू येणे ठीक, कानात आवाज नाही, बोलणे अडखळत नाही, हातपाय बधिर होत नाहीत. उभे राहून चालताना थोडे तरंगल्यासारखे वाटते, एवढेच.

निदान इथेच जवळपास झाले होते. मान वळवली की चक्कर येते म्हणून दोष मानेवर जातो. पण बाई अंथरुणात कूस बदलतात तेव्हा मान धडाबरोबरच वळते, तिला वेगळा पीळ बसत नाही. तरीही चक्कर येते. म्हणजे प्रश्न मानेच्या मणक्यांचा नव्हता. डोके जमिनीच्या संदर्भात कसे ठेवले आहे, यावर सगळे अवलंबून होते. आणि डोक्याची स्थिती मोजणारे यंत्र असते कानाच्या आत, हाडात खोल.

त्या यंत्राचे दोन भाग आहेत. एक छोटी पिशवी, तिला युट्रिकल म्हणतात. तिच्या आत एक चिकट गादी असते आणि गादीवर चुन्याचे हजारो स्फटिक रचलेले असतात. चुना म्हणजे खराच कॅल्शियम कार्बोनेट, खडूत आणि शिंपल्यात असतो तोच. एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. डोके कलले की कणांच्या वजनाने गादी घसरते, तिच्याखालचे केस वाकतात आणि मेंदूला कळते की आपण कललो. दुसरा भाग म्हणजे त्याच पिशवीला जोडलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका. त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरले की द्रव जडत्वाने मागे राहतो आणि नलिकेच्या फुगीर टोकाशी असलेला मऊ पडदा ढकलतो. हा पडदा म्हणजे कप्युला. त्याची घनता भोवतालच्या द्रवाइतकीच असते, त्यामुळे गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत नाही. नलिकांनी फक्त फिरणे ओळखावे, कलणे ओळखू नये, अशी ही रचना आहे.

वय वाढले, डोक्याला मार बसला, आजारपणात बरेच दिवस अंथरुणावर काढले, किंवा काहीही कारण नसताना गादीवरचे काही कण सुटतात. सुटलेले कण पिशवीतच राहिले तर कुणाला पत्ताही लागत नाही. त्यांतले काही नलिकेत घरंगळले की मात्र जिथे गुरुत्वाकर्षणाचे काम नव्हते तिथे ते सुरू होते. डोके विशिष्ट दिशेने झुकवले की कण खाली घसरू लागतात, नळीतल्या दट्ट्यासारखे द्रवाला ओढतात, आणि पडदा वाकतो. मेंदूला निरोप जातो की डोके वेगाने फिरते आहे. डोळे आणि दुसरा कान सांगतात की फिरत नाही. या भांडणालाच आपण गरगरणे म्हणतो. कण तळाला जाऊन थांबले की द्रव थांबतो, पडदा सरळ होतो आणि खोली जागेवर येते. त्याला लागतात ते बाईंचे वीस-पंचवीस सेकंद.

नलिका तीन असल्या तरी बहुतेक वेळा कण सापडतात ते मागच्या नलिकेत, कारण उभे असा की आडवे, सगळ्यांत खोल ठिकाण तेच. शिवाय तिथून परत फिरणे कठीण. या नलिकेचे एक तोंड कप्युलाने बंद आहे. दुसरे तोंड वरच्या नलिकेशी एका सामाईक बोळात मिळते आणि तो बोळ पिशवीत उघडतो. म्हणजे कण अडकले आहेत बंद दाराच्या अंगणात, आणि बाहेर पडायचे तर सबंध वळसा घालून मागच्या दाराने. जत्रेत काचेच्या झाकणाची एक डबी मिळते. डबी हळूहळू तिरकी करत आतले छर्रे भोकात बसवायचे असतात. इथे डबी म्हणजे आपले डोके, आणि छर्रे दिसत नाहीत.

दिसत नसले तरी त्यांची चाल कळते, ती डोळ्यांवरून. कानातल्या नलिका आणि डोळ्यांचे स्नायू यांची तार थेट जुळलेली आहे. म्हणून कुठल्याही उपचाराआधी एक चाचणी करायची असते. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ती 1952 साली मांडली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. मी बाईंचा पट्टा काढला आणि त्यांना टेबलावर पाय लांब करून बसवले. डोके उजवीकडे 45 अंश वळवले. आधीच बजावले, "गरगरेल, पण डोळे मिटू नका. माझ्या नाकाकडे बघा. मी धरलंय." मग चटकन आडवे केले, डोके टेबलाच्या कडेखाली थोडे लोंबते, उजवा कान जमिनीकडे.

पहिले चार-पाच सेकंद काहीच झाले नाही. मुलगा माझ्याकडे बघू लागला. मग बाईंनी माझे मनगट आवळले आणि बुबुळे नाचू लागली. हिसक्यागणिक ती कपाळाच्या दिशेने वर उडत होती आणि त्याच वेळी स्क्रू पिळावा तशी खालच्या, म्हणजे उजव्या कानाकडे पिळत होती. झटके आधी वाढले, मग विरत गेले. सुमारे वीस सेकंदांत डोळे शांत. हे सगळे तपशील कामाचे आहेत. थोडा उशीर लागला म्हणजे कण मोकळे आहेत आणि त्यांना चाल धरायला वेळ लागतो. मिनिटाच्या आत थांबले म्हणजे ते तळाला पोचले. वर आणि पिळत उडाले म्हणजे मागची नलिका. उजवा कान खाली असताना झाले म्हणजे उजवा कान. एमआरआयच्या यंत्राला हे कण दिसत नाहीत, म्हणून त्या जाड फाइलमध्ये सगळे नॉर्मल होते.

मी बाईंना उठू दिले नाही. चाचणीची शेवटची अवस्था हीच उपचाराची पहिली पायरी असते. त्या उपचाराचे नाव एप्ली, आणि त्यामागच्या माणसाची हकीकत सांगण्यासारखी आहे.

जॉन एप्ली हे अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरातले कानाचे डॉक्टर. हार्वर्डच्या हॅरॉल्ड शुकनेक्ट यांनी मृत रुग्णांच्या कानाची हाडे तपासताना कप्युलावर कणांचा थर पाहिला होता आणि चक्कर त्यानेच येते असे म्हटले होते. चिकटलेल्या थराला काय करणार? म्हणून गंभीर रुग्णांमध्ये त्या नलिकेची शीरच कापण्याची शस्त्रक्रिया होत असे, आणि त्यात ऐकू येणे जाण्याचा धोका असे. एप्लींना वाटले की कण चिकटलेले नसून मोकळे तरंगत असावेत. तसे असेल तर त्यांना कापण्याऐवजी नुसते वाट दाखवून बाहेर काढता येईल. सहकारी डॉमिनिक ह्यूज यांच्यासोबत त्यांनी नलिकांची प्रतिकृती करून, ती फिरवून फिरवून मार्ग शोधला. 1980 साली कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या परिषदेत तो दाखवला, तेव्हा काही जण उठून निघून गेले. डोके इकडून तिकडे वळवले आणि रोग गेला, हे ऐकणाऱ्याला जादूटोण्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. त्यातून एप्ली कानामागच्या हाडावर कंपने देणारे उपकरणही लावत. त्याची गरज नसते हे पुढे सिद्ध झाले, पण तेव्हा त्याने संशयात भरच पडली. निबंध नाकारले गेले. तो छापून यायला 1992 साल उजाडले. त्याच वर्षी कॅनडातल्या शल्यचिकित्सकांनी नलिका उघडलेली असताना आत मोकळे फिरणारे कण प्रत्यक्ष पाहिल्याचे छापले. तरीही पुढे एप्लींविरुद्ध राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे तक्रार झाली आणि तिच्यातून सुटायला त्यांना काही वर्षे लागली. 2019 साली ते वारले तेव्हा त्यांची पद्धत जगभरच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये पहिला उपाय म्हणून बसलेली होती.

तर बाई टेबलावर, डोके लोंबते, उजवा कान खाली. डोळे शांत झाल्यावरही मी आणखी अर्धा मिनिट थांबलो. सुरुवातीच्या दिवसांत माझी चूक व्हायची ती इथेच. पुस्तकातल्या चार आकृत्या पाहून मी चार हालचाली झपाट्याने उरकत असे आणि रुग्ण बरा झाला नाही की पद्धतीला नावे ठेवत असे. मग एकदा एका वरिष्ठांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. एवढासा कण पाण्यासारख्या द्रवात सेकंदाला साधारण 0.2 मिलिमीटर वेगाने खाली जातो. नलिकेच्या वर्तुळाची त्रिज्या तीन मिलिमीटरच्या थोडी वर, म्हणजे पाव वळसा पाच मिलिमीटरचा. त्याला पंचवीस सेकंद हवेतच. कण पोचण्याआधी डोके हलवले तर तो आल्या वाटेने परत जातो. तेव्हापासून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. आडवे करताना चपळाई लागते, पण उपचार होतो तो थांबण्यात.

दुसरी पायरी. डोके तसेच लोंबते ठेवून मी ते डावीकडे 90 अंश वळवले, आता डावा कान खाली. याने कण वळशाच्या माथ्याकडून सामाईक बोळाकडे सरकतात. बाईंची बुबुळे पुन्हा थोडी नाचली, आणि पहिल्यासारखीच, त्याच दिशेने. मला हायसे वाटले. झटके त्याच दिशेने आले तर कण पुढे चाललेत. उलट्या दिशेने आले असते तर ते पडद्याकडे मागे फिरलेत असे समजायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. पुन्हा पाऊण मिनिट.

तिसरी पायरी. "बाई, आता डाव्या कुशीवर वळा. खांदा पूर्ण वळू दे." अंगाबरोबर डोके आणखी 90 अंश फिरले, नाक जमिनीच्या रोखाने. कुशीवर झोपून जमिनीवर पडलेली सुई शोधावी तसे. घरी करणारे लोक हमखास चुकतात ते इथे. ते भिंतीकडे बघत राहतात, नाक खाली जात नाही, आणि कण बोळाच्या तोंडाशी थांबतो. इथेही पाऊण मिनिट. मग चौथी पायरी, हनुवटी छातीकडे ठेवून पाय टेबलाखाली सोडत उठून बसायचे. कण बोळातून पिशवीत पडतो.

बसवताना मी दोन्ही खांदे धरून ठेवले होते. कणांचा ढिगारा पिशवीत कोसळला की क्षणभर जमीन सरकल्यासारखे वाटते आणि माणूस धाडकन पडू शकतो. बाईंनाही तसे वाटले. "लिफ्ट सुटल्यासारखं झालं," त्या म्हणाल्या. पिशवीत पडलेले कण हळूहळू विरून जातात असे मानले जाते. निदान तिथे त्यांचा उपद्रव नाही.

वीस मिनिटे बाकावर बसवून मी पुन्हा तीच चाचणी केली. डोळे स्थिर. बाईंनी छताकडे पाहिले, मुलाकडे पाहिले, आणि विचारले, "एवढंच?"

एवढेच असते, दहांपैकी आठ जणांच्या बाबतीत, एक ते तीन बैठकांत. उरलेल्या दोघांचे काय, तेही सांगायला हवे. काहींत कण बाहेर पडताना शेजारच्या आडव्या नलिकेत शिरतात. मग डोळ्यांचे झटके आडवे होतात आणि कुठल्याही कुशीवर गरगरते. त्याला एप्ली चालत नाही. अंग लोळवत पूर्ण फेरा घ्यायची वेगळी पद्धत आहे. काहींत शुकनेक्ट यांनी पाहिले तसे कण खरोखरच पडद्याला चिकटलेले असतात. तेव्हा झटके लगेच सुरू होतात आणि मिनिटभर होऊन गेले तरी थांबत नाहीत. आणि काहींत कान मुळी निर्दोष असतो. झटके सरळ खालच्या दिशेने असतील, डोके स्थिर ठेवूनही थांबत नसतील, सोबत दोन-दोन दिसणे, जीभ जड होणे, तोंड वाकडे होणे, चालताच न येणे किंवा कधी नव्हती अशी डोकेदुखी असेल तर तो मेंदूचा प्रश्न समजून थेट मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे डोके फिरवत बसायचे नाही. संधिवाताने मानेचे सांधे सैल झाले आहेत, मानेतल्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत किंवा नुकताच दृष्टिपटल सुटला आहे, अशांनाही मान लोंबती ठेवणे योग्य नाही. त्यांच्यासाठी अंग एका बाजूला टाकण्याची सेमाँ यांची पद्धत किंवा वेगळी आसने वापरता येतात.

बाईंच्या पिशवीत तीन प्रकारच्या गोळ्या होत्या. चक्करेच्या गोळीने मेंदूची संवेदना बधिर होते, मळमळ कमी होते. नलिकेतला खडा तिने हलत नाही. दोन-चार दिवस उलटीसाठी घ्यायला माझी हरकत नसते. पण सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनसारखी औषधे म्हाताऱ्या माणसांना महिनोन्महिने चालू ठेवलेली पाहिली की राग येतो. त्यांनी हाताला कंप सुटतो, चाल मंदावते, आणि मग कंपवाताची गोळी सुरू होते. पट्ट्याचा तर उपयोग शून्य. उलट तो घालून लोक डोके हलवायचे टाळतात, आणि कण आहे तिथेच बसतो. उपचारानंतर दोन रात्री बसून झोपा, उशा रचा, असे पूर्वी सांगत. त्याचीही गरज नाही असे आता दिसून आले आहे. बाईंना मी सांगितले की आठवडाभर अंग थोडे तरंगल्यासारखे वाटेल, तरी फिरायला जा.

परत होते का? होते. पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना पुन्हा त्रास होतो. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी असते त्यांना जास्त वेळा. कोरियात 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, अशा लोकांना ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिल्यावर पुनरावृत्ती सुमारे चतुर्थांशाने घटली. बाईंचे ड जीवनसत्त्व तपासले. ते कमी निघाले, आणि त्या फाइलमध्ये तेवढा एक अहवाल नव्हता.

घरी करता येईल का, हे मुलाने निघताना विचारले. येईल, पण कान कुठला आणि नलिका कुठली हे एकदा डोळे बघून ठरल्यावरच, आणि शेजारी धरायला माणूस हवा. टेबलाची कड नसली तर खांद्याखाली उशी घेतली की डोके आपोआप लोंबते. डाव्या कानासाठी सगळे उलट, आरशात पाहिल्यासारखे.

सव्वा वर्षाने बाईंचा फोन आला. "डॉक्टर, कालपासून परत. या वेळी डाव्या कुशीवर. सुरू व्हायला तीन-चार सेकंद लागतात आणि अठरा सेकंदात थांबतं, मी मोजलंय. ऐकू नीट येतंय, बोलणं ठीक आहे. कधी येऊ?" तुम्हालाही कधी पहाटे कूस बदलताना खोली फिरलेली दिसली, तर डॉक्टरांकडे जाताना एवढे मोजून घेऊन जा. चाचणी टेबलावर झोपवून आणि डोळे उघडे ठेवून झाली नाही, तर ती करायला सांगा.